दुक्ख म्हणजे नुसतं दुःख नव्हे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पालीतला 'दुक्ख' आणि मराठीतला 'दुःख' दिसायला सख्खे भाऊ आहेत, आणि घोटाळा तिथेच होतो. इंग्रजी वाचणाऱ्याला 'सफरिंग' हा शब्द भेटला की आपण भाषांतर वाचतोय एवढं तरी त्याला ठाऊक असतं. आपल्याला मात्र मूळ शब्दच वाचतोय असं वाटतं आणि शब्दाचा अर्थ मधल्या अडीच हजार वर्षांत सरकलाय हे लक्षातही येत नाही. म्हणून खाली पाली शब्द 'दुक्ख' असा लिहिला आहे आणि आपला रोजचा शब्द 'दुःख' असा.

'जीवन दुःख आहे' हे बुद्धांचं पहिलं आर्यसत्य आहे ना?

हे वाक्य पुस्तकांत, भाषणांत, भिंतींवर सगळीकडे दिसतं, पण बुद्धांच्या पहिल्या प्रवचनात, म्हणजे धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात, ते नाही. सारनाथजवळच्या इसिपतन मृगदायात पाच भिक्खूंना सांगितलेलं पहिलं आर्यसत्य असं आहे:

'जातिपि दुक्खा, जरापि दुक्खा, ब्याधिपि दुक्खो, मरणम्पि दुक्खं, अप्पियेहि सम्पयोगो दुक्खो, पियेहि विप्पयोगो दुक्खो, यम्पिच्छं न लभति तम्पि दुक्खं, संखित्तेन पञ्चुपादानक्खन्धा दुक्खा.'

म्हणजे जन्म, म्हातारपण, आजार, मरण, नावडत्याची गाठ पडणं, आवडत्याची ताटातूट, हवं ते न मिळणं, आणि थोडक्यात सांगायचं तर पाच उपादानस्कंध, म्हणजे 'मी, माझं' म्हणून आपण धरून बसतो ते रूप, वेदना, संज्ञा, संस्कार आणि विज्ञान. ही यादी आहे. 'जीवन' नावाच्या एका मोठ्या गोष्टीवर दिलेला निकाल तिच्यात कुठेही नाही.

पण यादीतल्या प्रत्येक गोष्टीला 'दुःख' तर म्हटलंच आहे. मग फरक काय पडला?

वरचं पाली वाक्य पुन्हा वाचा आणि शब्दांच्या शेवटाकडे बघा. दुक्खा, दुक्खा, दुक्खो, दुक्खं. जाति आणि जरा हे शब्द स्त्रीलिंगी, म्हणून 'दुक्खा'. ब्याधि पुल्लिंगी, म्हणून 'दुक्खो'. मरण नपुंसकलिंगी, म्हणून 'दुक्खं'. शेवटचं 'खन्धा दुक्खा' पुल्लिंगी अनेकवचन. मराठीत आपण 'चांगला रस्ता, चांगली वाट, चांगलं घर' म्हणतो, तसंच हे झालं. शब्द लिंग-वचनाप्रमाणे बदलतोय, याचा अर्थ इथे 'दुक्ख' विशेषण आहे.

मराठीत 'दुःख' फक्त नाम आहे. त्यामुळे 'जन्म दुःख आहे' असं भाषांतर केलं की एका गोष्टीची दुसऱ्या गोष्टीशी बरोबरी लागते: जन्म म्हणजेच दुःख. मूळ वाक्याची ठेवण 'ही वाट अवघड आहे' या वाक्यासारखी आहे. वाट म्हणजे अवघडपणा नव्हे. वाटेचा एक गुण सांगितला जातोय.

हा सगळा मुद्दा मला व्याकरणाच्या किरकोळ शंकेतूनच पहिल्यांदा कळला आणि अजूनही सगळ्यात पटणारा पुरावा तोच वाटतो. दुःख कुणाला तरी होतं. ती भोगणाऱ्याच्या मनातली भावना आहे. दुक्ख हा वस्तूचा, स्थितीचा गुण आहे: तिच्यावर भार टाकला तर ती तो पेलत नाही. 'सफरिंग' या शब्दाचीही हीच अडचण. सोसणारा कुणीतरी असल्याशिवाय तो शब्द उभाच राहत नाही. (पालीत 'दुक्खं' नाम म्हणूनही येतं, अगदी याच सुत्तातल्या 'दुक्खं अरियसच्चं'मध्येसुद्धा तसं वाचता येतं. पण यादी कशी वाचायची ते यादीतल्या विशेषणांनी ठरवलेलं आहे.)

दुक्खाचे तीन प्रकार सांगतात, ते कोणते?

संयुत्तनिकाय या सुत्तसंग्रहात जम्बुखादक नावाचा परिव्राजक बुद्धांचे शिष्य सारिपुत्त यांना विचारतो, 'दुक्ख, दुक्ख म्हणतात, ते काय आहे?' सारिपुत्त तीन नावं सांगतात: दुक्खदुक्खता, संखारदुक्खता आणि विपरिणामदुक्खता. सुत्तात एवढंच आहे. कशाला काय म्हणायचं याचं सविस्तर स्पष्टीकरण पुढच्या अट्ठकथांत, म्हणजे सुत्तांवरच्या भाष्यांत, आणि पाचव्या शतकात बुद्धघोषांनी लिहिलेल्या विसुद्धिमग्गात मिळतं.

व्याख्या पाठ करण्यापेक्षा एक उदाहरण नीट बघू. विसुद्धिमग्गात म्हटलं आहे की दुक्खलक्षण आपल्याला दिसत नाही, कारण ईर्यापथांनी, म्हणजे चालणं, उभं राहणं, बसणं, झोपणं या शरीराच्या ठेवणींनी ते झाकलेलं असतं. हे वाक्य पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला ते विचित्र वाटलं होतं. मग एकदा करून पाहिलं.

मांडी घालून बसा आणि ठरवा की अर्धा तास हलायचं नाही. सुरुवातीला बरं वाटतं, विशेषतः बराच वेळ उभं राहून आला असाल तर. बसणं हेच सुख वाटतं. थोड्या वेळाने गुडघ्यात कळ येते, पायाला मुंग्या येतात. ही कळ म्हणजे दुक्खदुक्खता: सरळसरळ वेदना. तिला दुःख म्हणायला कुणाची हरकत नाही, आणि 'सफरिंग' हा शब्द इथे ठीक बसतो.

आता मागे वळून बघा. कळ आली ती कुठून? बाहेरून कुणी काही टोचलं नाही. बसण्याची जी ठेवण मघाशी सुखाची होती तीच, काहीही न बदलता, दुखायला लागली. सुख निघून गेलं आणि मग दुःख आलं असं झालंच नाही. ज्यात सुख होतं तेच पालटलं. ही विपरिणामदुक्खता. लक्षात घ्या, बसल्याबसल्या बरं वाटत होतं त्या क्षणीही तुमची बैठक या अर्थाने दुक्ख होती, जरी तुम्हाला तेव्हा काडीचंही दुःख नव्हतं. इथून पुढे 'सफरिंग' तोकडा पडायला लागतो.

तिसरा प्रकार दिसायला आणखी वेळ लागतो. एरवी आपण अर्धा तास थांबतच नाही. कळ यायच्या आधीच नकळत पाय बदलतो, पाठ टेकतो, उठतो, पाणी प्यायला जातो. दिवसभर हे चालू असतं आणि त्यामुळेच 'मला काही त्रास नाही' असं म्हणता येतं. तो त्रास नसणं हे फुकट मिळालेलं नाही. सतत चालणाऱ्या डागडुजीवर ते उभं आहे. जे जे अनेक कारणं जुळून घडलेलं आहे त्याला अशी डागडुजी लागतेच आणि एक ना एक दिवस ती पुरी पडत नाही. ही संखारदुक्खता. पालीत 'वेदना' म्हणजे कोणतीही अनुभूती, सुखाचीही, आणि 'संस्कार' म्हणजे असं घडलेलं सगळं. विसुद्धिमग्गात संखारदुक्खता ना सुख ना दुःख अशा वेदनेला आणि उरलेल्या सगळ्या संस्कारांना लावली आहे, कारण ते उदय आणि व्यय यांनी पिडलेले असतात. आता या डागडुजीला 'सफरिंग' म्हणून पाहा. काही वाटतच नाही तर सोसणार कोण?

म्हणजे सुखसुद्धा दुःखच, असं बुद्ध म्हणतात का?

नाही. उलट असा अर्थ काढणाऱ्यांना उत्तर सुत्तांतच दिलेलं आहे. एक भिक्खू बुद्धांकडे येऊन म्हणतो, भगवंतांनी तीन वेदना सांगितल्या आहेत: सुख, दुक्ख आणि अदुक्खमसुख, म्हणजे ना दुक्ख ना सुख. पण 'जे काही अनुभवलं जातं ते दुक्खात मोडतं' असंही भगवंतांनी म्हटलं आहे. या दोन गोष्टींचा मेळ कसा घालायचा? प्रश्न अगदी आपल्याच मनातला आहे. उत्तर असं की दुसरं विधान संस्कारांच्या अनित्यतेला उद्देशून केलं होतं. सुख वेदना ही सुख वेदनाच आहे, तिचं अस्तित्व कुणी नाकारत नाही. ती टिकणारी नाही, हे वेगळं विधान आहे. 'दुक्ख' हा एकच शब्द दोन पातळ्यांवर वापरला गेलाय: एकदा वेदनेच्या तीन प्रकारांपैकी एकाचं नाव म्हणून, आणि एकदा तिन्ही वेदनांना लागू पडणारा गुण म्हणून.

महालि नावाच्या लिच्छवीला दिलेलं उत्तर तर आणखी मोकळं आहे. रूप जर निव्वळ दुक्खच असतं, त्यात सुख मुळीच नसतं, तर प्राणी त्यात गुंतले नसते. त्यात सुख आहे म्हणून ते गुंततात. आणि ते निव्वळ सुखच असतं, तर कुणाचं मन त्यातून उठलं नसतं. बाकीच्या चार स्कंधांबद्दलही हेच सांगितलं आहे. 'बौद्ध विचार निराशावादी आहे' असं म्हणणाऱ्याने निदान हे सुत्त वाचून मग म्हणावं.

धम्मदिन्ना भिक्खुणीने विशाख उपासकाला दिलेलं उत्तर मला सगळ्यात नेमकं वाटतं. सुख वेदना टिकते तोवर सुख, पालटते तेव्हा दुक्ख. दुक्ख वेदना टिकते तोवर दुक्ख, पालटते तेव्हा सुख. आणि ना सुख ना दुक्ख अशी वेदना ज्ञान असेल तर सुख, नसेल तर दुक्ख. मघाचा आखडलेला पाय मोकळा केला तेव्हा जे 'हुश्श' झालं, ते यातलं दुसरं वाक्य.

दुक्ख संपलं म्हणजे वेदना संपते का? अर्हताला, म्हणजे पूर्ण मुक्त झालेल्याला, दुखत नाही का?

दुखतं. राजगृहाजवळ मद्दकुच्छीत दगडाच्या कपचीने बुद्धांचा पाय जखमी झाला होता. त्या वेळच्या वेदनेचं सुत्तातलं वर्णन हातचं राखून केलेलं नाही: तीव्र, कठोर, कडू, नकोशी. त्यांनी ती जागरूक राहून, न खचता सहन केली असं तिथे म्हटलं आहे. दुसऱ्या एका प्रसंगी पाठ दुखतेय म्हणून ते पुढचं प्रवचन आनंदांवर सोपवून आडवे होतात.

'दुक्खनिरोध' म्हणजे 'दुःख, वेदना, त्रास सगळं बंद' असा अर्थ घेतला तर हे प्रसंग अडचणीचे ठरतात आणि मग लोक काहीतरी चमत्कारिक खुलासे करत बसतात. सल्ल सुत्तातली दोन बाणांची उपमा इथे कामी येते. न शिकलेल्या माणसाला शरीराची वेदना झाली की तो शोक करतो, छाती पिटतो. म्हणजे एक बाण लागल्यावर त्याला लगेच दुसराही लागतो, शरीराचा एक आणि मनाचा एक. शिकलेल्या आर्यश्रावकाला एकच लागतो. पहिला बाण लागणारच नाही असं आश्वासन त्या सुत्तात कुठेही नाही.

मग 'सफरिंग' हे भाषांतर चुकीचं म्हणायचं का?

चुकीचं नाही, अपुरं आहे. तीन प्रकारांपैकी एक पूर्ण झाकतं, दुसऱ्याचा काठ शिवतं, तिसऱ्यापर्यंत पोचत नाही. चिनी अनुवादकांनी 'कडू' या अर्थाचा शब्द निवडला. चव हा पदार्थाचा गुण असल्यामुळे विशेषणाची बाजू त्यात थोडी तरी टिकते. अमेरिकन भिक्खू ठानिस्सरो इंग्रजीत 'स्ट्रेस', म्हणजे ताण, असा शब्द वापरतात. तो सूक्ष्म बाजू पकडतो, पण मरणाला 'ताण' म्हणणं मला फारच पातळ वाटतं. श्रीलंकेचे वालपोल राहुल यांनी तर शब्द भाषांतरित न करता तसाच ठेवावा असं सुचवलं.

अपुऱ्या भाषांतराचा खरा तोटा साधनेत होतो. धम्मचक्कप्पवत्तन सुत्तात चार सत्यांसोबत चार वेगवेगळी कामं सांगितली आहेत. दुक्खाचं मूळ, म्हणजे तृष्णा, सोडायची आहे. निरोध साक्षात करायचा आहे. मार्ग भावित करायचा, म्हणजे सरावाने वाढवायचा आहे. आणि दुक्ख? ते 'परिञ्ञेय्य' आहे, पूर्णपणे जाणून घ्यायचं आहे. दुक्ख म्हणजे सोसणं असं डोक्यात बसलं की माणूस पहिल्याच सत्यापाशी ते टाकायला धावतो. ध्यानाला बसून पाय दुखला की 'हे घालवायचं कसं' एवढंच विचारतो, आणि पाय दुखत नसेल तेव्हा 'आज दुक्ख नव्हतं' म्हणून उठतो. जाणून घेण्यासारखं जे होतं ते दोन्ही वेळा राहून जातं. एखाद्याच्या बोलण्यात 'आज दुक्ख नव्हतं' असं वाक्य आलं की समजावं, त्याच्या मनात शब्दाचा पहिला प्रकार तेवढा आहे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तर चार आर्यसत्यांवरच शंका घेतली होती. त्याचं काय?

घेतली होती, आणि ती गुळमुळीत नव्हती. 1957 साली, त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर प्रकाशित झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत ते विचारतात की ही सत्यं बुद्धांच्या मूळ शिकवणुकीचा भाग आहेत की भिक्खूंनी नंतर घातलेली भर आहे. जीवन दुःख, मरण दुःख, पुनर्जन्मही दुःख, असं असेल तर सगळंच संपलं. मग माणसाला आशा कसली, असा त्यांचा रोख आहे.

वर जे व्याकरण सांगितलं त्याने या आक्षेपाला पूर्ण उत्तर मिळतं असं मी म्हणणार नाही. त्याने एवढंच दिसतं की ज्या वाक्याने धम्म निराशेचा वाटतो, ते 'सगळं दुःखच' असं वाक्य मूळ पालीत तसं नाही. माणसाने माणसावर लादलेल्या दुःखाचं काय करायचं, हा बाबासाहेबांचा त्यामागचा प्रश्न शब्दाच्या अर्थाने सुटत नाही. आणि दुसऱ्याच्या ताटातलं हिसकावून घेऊन वर 'संखारदुक्खता समजून घे' असं सांगणं हा तर निव्वळ कावेबाजपणा झाला. तिसरा प्रकार पहिल्याला पुसून टाकत नाही.

'दुक्ख' म्हणजे गाडीच्या चाकाचं वेडंवाकडं भोक, हे खरं आहे का?

कल्पना सुरेख आहे. 'ख' म्हणजे पोकळी, भोक; 'सु-ख' म्हणजे आस नीट बसेल असं भोक, 'दुः-ख' म्हणजे आस घासेल असं. ऋग्वेदात 'सुख' हे रथाचं विशेषण म्हणून येतं, तेव्हा अगदीच हवेतली गोष्ट नाही. पण काही अभ्यासकांच्या मते हा शब्द 'दुःस्थ', म्हणजे धड उभं न राहिलेलं, याचं प्राकृत रूप असण्याची शक्यता जास्त. बुद्धघोष तिसरंच सांगतात: 'दु' म्हणजे कुत्सित, 'ख' म्हणजे पोकळ. व्युत्पत्तीवरून शिकवणुकीचा अर्थ ठरवू नये. चाकाची उपमा म्हणून वापरावी, पुरावा म्हणून नको.

मराठीत याला दुसरा शब्द नाही का?

एक शब्द पुरत नाही. 'असमाधान' म्हटलं की ते पुन्हा मनात शिरतं, वस्तूचा गुण राहत नाही. 'अस्वस्थता' दुःस्थ-स्वस्थ या जोडीमुळे मोहात पाडते, पण तीही भावनाच. 'हुरहूर' मला फार आवडतो: सगळं छान चाललेलं असताना, छान आहे म्हणूनच, मनात जी बारीक कळ उठते ती विपरिणामदुक्खाची सावली आहे. पण म्हातारपणाला हुरहूर कसं म्हणणार? 'दुःखमय' मध्ये विशेषण परत मिळतं, पण 'दुःखाने भरलेलं' असा अर्थ होतो आणि महालिला दिलेलं उत्तर हातातून सुटतं.

गंमत म्हणजे पालीची एक छटा आपल्या 'दुखणं' या क्रियापदात जिवंत आहे. 'पाय दुखतो' म्हणताना आपण पायाबद्दल बोलतो, शोकाबद्दल नाही. माझ्यापुरतं मी ठरवलंय की लिहिताना 'दुक्ख' असाच शब्द ठेवायचा, म्हणजे वाचणारा निदान एक क्षण अडखळतो.

सुत्त वाचताना कुठे कोणता अर्थ आहे हे कसं ओळखायचं?

शेजारचा शब्द बघायचा. 'वेदना' शब्दासोबत, सुख आणि अदुक्खमसुख यांच्या रांगेत 'दुक्ख' आलं, तर ती तीनपैकी एक वेदना. 'दोमनस्स' शब्दाच्या शेजारी आलं, तर फक्त शरीराचं दुखणं. महासतिपट्ठान सुत्तात दुक्ख म्हणजे कायिक आणि दोमनस्स म्हणजे मानसिक अशी सरळ विभागणी केली आहे. 'अनिच्च', म्हणजे न टिकणारं, आणि 'अनत्ता', म्हणजे 'मी' नसलेलं, यांच्या सोबतीने आलं, तर सर्व संस्कारांचा गुण. 'सब्बे संखारा दुक्खा' ही धम्मपदातली ओळ या तिसऱ्या जातीची.

एकदा ही सवय करून पाहा. 'सोक-परिदेव-दुक्ख-दोमनस्स-उपायास' ही नेहमीची साखळी घ्या: शोक, विलाप, दुक्ख, मनाची खिन्नता, हताशा. आपण मराठीत ज्याला दुःख म्हणतो, जवळचं माणूस गेल्यावर जे होतं ते, या साखळीत कुठे आहे? 'सोक' मध्ये आहे, 'परिदेव' मध्ये आहे, 'दोमनस्स' मध्ये आहे. 'दुक्ख' या कडीत तेवढं ते नाही. तिथे नुसता दुखरा गुडघा आहे.